प्रकट वाचन (अनुवादाच्या अंतिम शोधनातील)

पूर्ण झालेला अनुवाद छपाईला जाण्यापूर्वी मोठ्याने वाचून तपासण्याची पद्धत. ती दोघांनी करायची असते. एकजण अनुवाद वाचतो आणि दुसरा मूळ पुस्तक समोर ठेवून ओळीमागून ओळ जुळवत जातो. छापखान्यांत अशी जोडी जुनीच आहे. लंडनचा मुद्रक जोसेफ मॉक्सन याच्या १६८३च्या मुद्रणविषयक ग्रंथातही मुद्रितशोधकाला वाचून दाखवणारा सोबती आहे.

दुसऱ्या माणसाची खरी गरज गळलेल्या ओळींसाठी असते. मूळ पानावर जवळजवळची दोन वाक्ये एकाच शब्दांनी संपत असली, की अनुवादकाची नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते. समजा, मुलगी विचारते, ‘बाबा आले का?’, आई म्हणते, ‘अजून नाही’, आणि मुलगी पुन्हा म्हणते, ‘मग मी थांबते.’ यातले आईचे वाक्य गळले, तरी उरलेला मराठी मजकूर सुरळीत वाचला जातो. एकट्या वाचकाला फार तर एकाच पात्राची दोन वाक्ये लागोपाठ आल्याचे खटकेल. मूळ पाहणारा मात्र तिथेच थांबवतो.

लय तपासताना वाचणाऱ्याच्या अडखळण्याकडे लक्ष द्यावे. तो मागे जाऊन वाक्य पुन्हा सुरू करतो किंवा नकळत एखादा शब्द बदलून वाचतो, तिथे समासात पेन्सिलीने खूण करावी आणि पुढे जावे, दुरुस्ती नंतर. ‘काल स्टेशनबाहेर भेटलेल्या, हातात फुटकी छत्री असलेल्या, बहुधा दूरगावाहून आलेल्या माणसाने’ इथपर्यंत येता येता दम संपतो आणि क्रियापद अजून दूरच असते. ‘काल स्टेशनबाहेर एक माणूस भेटला. हातात फुटकी छत्री होती. बहुधा दूरगावाहून आला असावा’ असे केले, की वाचन सुटते. मूळ लेखकानेच वाक्य मुद्दाम लांबवले असेल, तर मात्र ते तोडू नये. म्हणून प्रत्येक खूण मुळाशी ताडूनच सोडवावी.

‘मन’च्या जागी ‘मान’, ‘ती’च्या जागी ‘तो’ अशा चुका संगणकाच्या शुद्धलेखन तपासणीतून सुटतात, कारण दोन्ही शब्द खरेच असतात. कानाला त्या लगेच कळतात. स्वतः अनुवादक वाचत असेल, तर तो पानावरचे न वाचता मनातले वाचण्याचा धोका असतो. त्यामुळे वाचणारा शक्यतो वेगळा असावा.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका या पद्धतीत पकडता येत नाहीत. ‘सुत’ म्हणजे पुत्र आणि ‘सूत’ म्हणजे धागा, हा फरक आपल्या बोलण्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. ‘त्यांनी’मधला राहिलेला अनुस्वारही उच्चारात सहज झाकला जातो. अशा चुकांसाठी डोळ्यांनी, आवाज न करता, स्वतंत्र फेरी घ्यावी लागते, आणि ती प्रकट वाचनातल्या दुरुस्त्या मजकुरात उतरल्यानंतरच घ्यावी, कारण त्या उतरवताना नव्या चुका शिरतात.