रियाजासाठी आपल्या पट्टीचा तानपुरा: ध्वनिमुद्रण आणि जुळवणी

आपल्या मंडळाच्या गायनवर्गातील एक ताई काळी चारमध्ये गातात. घरी मोबाइलवरील तानपुऱ्यावर त्यांचा महिनोन्‌महिने नीट रियाज चालू होता. मंडळाच्या पेटीबरोबर मात्र काळी चारवरच बसूनही त्यांना सूर सारखा चढल्यासारखा वाटे आणि त्या स्वतःलाच दोष देत. शेवटी आम्ही पेटीची ती पट्टी मोजून पाहिली. मोबाइलवरील काळी चार 207.65 हर्ट्झची होती, तर आपल्या जुन्या पेटीची साधारण 209.5 ची. दोन शेजारच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले पंधरा भाग पेटी वर होती. एवढा फरक सरावलेल्या कानाला सहज टोचतो. दोन्ही सूर एकत्र वाजवले की सेकंदाला जवळजवळ दोनदा आवाज लाटेसारखा हेलकावतो.

त्यांच्यासाठी मग मंडळाच्या मिरजेच्या तानपुऱ्यावर स्वतंत्र ध्वनिमुद्रण केले. तेव्हा जे कळले ते येथे लिहून ठेवत आहोत.

पट्टी ठरवताना तिचे नाव पुरेसे नाही, ती कोणत्या पेटीची हे आधी ठरवावे लागते. रियाज एकट्याने घरीच होणार असेल तर नेहमीची 440 ची मोजणी चालते. पेटीच्या साथीने गायचे असेल तर त्या पेटीचाच सूर धरावा. मोबाइलवरच्या ट्यूनरमध्ये 440 हा आकडा बदलता येतो. आपल्या पेटीसाठी तो 444 केला की ट्यूनरची काळी चार पेटीशी जुळते. गळ्याला ती पट्टी झेपते का, हे खाली मंद्र पंचम आणि वर तार गंधार-मध्यम लावून पाहावे. मंद्र पंचमात नुसती हवा येत असेल किंवा तार गंधारावर मान ताणली जात असेल, तर पट्टी बदलण्याचा विचार गुरूंशी बोलून आधीच करावा, कारण नंतर सगळेच पुन्हा करावे लागते.

तानपुरा लावण्याआधी जवारी पाहावी. घोडीवरचा जीवा सरकवला की तारेचा सूरही किंचित हलतो, म्हणून अचूक जुळवणी जवारीनंतरच. आधी जोडीची एक तार पेटीच्या सुराला लावली: 209.5. दुसरी जोडीची तार ट्यूनरला न विचारता पहिलीशी मिळवली, दोन्ही एकत्र छेडून हेलकावे पूर्ण थांबेपर्यंत. खुंटीने जवळ आणायचे आणि शेवटचा केसभर फरक मणी सरकवून काढायचा. खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 104.75 वर येतो. तार जोरात छेडली की पहिल्या क्षणी ती किंचित वर वाजते, म्हणून आकडा पाहायचाच असेल तर एक सेकंदानंतर पाहावा.

पंचमाच्या तारेवर बहुतेक जण फसतात. ट्यूनर दाखवतो तो पेटीचा पंचम. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे तिचा पंचम खऱ्या पंचमापेक्षा थोडासा उतरलेला असतो. आपल्या षड्जाला ट्यूनरचा मंद्र पंचम 156.95 येतो, तर खरा पंचम षड्जाच्या पाऊणपट म्हणजे 157.12. फरक नगण्य दिसतो, पण तानपुऱ्यात तो लपत नाही. खर्जाच्या तारेत तिच्या तिप्पट कंपनांचा सूरही उमटत असतो आणि पंचमाच्या तारेत तिच्या दुप्पट कंपनांचा. खऱ्या पंचमाला हे दोन सूर एक होतात. ट्यूनरच्या पंचमाला ते जवळ राहतात, पण एक होत नाहीत, आणि साधारण दर तीन सेकंदांनी एक संथ हेलकावा ऐकू येतो. आमचे पहिले ध्वनिमुद्रण याच कारणाने टाकून द्यावे लागले. ट्यूनरवर चारही तारा हिरव्या दिवलीत होत्या आणि तरी तानपुरा ‘बोलत’ नव्हता. म्हणून पंचम खर्जाबरोबर छेडून कानानेच लावावा.

जुळवल्यावर वीसेक मिनिटे तानपुरा वाजवत ठेवून पुन्हा तपासावा. नव्या तारा लगेच उतरतात. पावसाळ्यात तर तास-दोन तासही थांबावे लागते.

ध्वनिमुद्रण मोबाइलवरही चांगले होते, पण त्यातली आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद असलीच पाहिजे. ही सोय सतत येणाऱ्या एकसारख्या आवाजाला गोंगाट समजून दाबते, आणि तानपुरा म्हणजे नेमका तसाच आवाज. आपोआप आवाज वाढवणारी सोयही तशीच घातक: तार विरत जाताना ती आवाज वर खेचते आणि पुढच्या छेडीला खाली ढकलते, त्यामुळे तानपुरा धापा टाकल्यासारखा ऐकू येतो. फाइल `WAV` ठेवावी. मोबाइल घोडीपासून हातभर अंतरावर, तिच्याकडे तोंड करून ठेवला. पंखा बंद, खिडक्या बंद. मधल्या बोटाने पंचम, पहिल्या बोटाने बाकीच्या तीन तारा, एक आवर्तन सुमारे पाच सेकंदांचे, आणि पंधरा मिनिटे त्याच जोराने. हे शेवटचे सर्वांत अवघड. आमच्यातल्या तिघांनी आळीपाळीने प्रयत्न केल्यावर एकीचा हात स्थिर निघाला.

पहिले मिनिट कापावे, कारण तारा पूर्ण भरायला वेळ लागतो. मग सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा एकावर एक वाजवून पाहावा. हेलकावे आले तर मधल्या काळात तार उतरली आहे. जिथपर्यंत सूर टिकला तेवढाच भाग घ्यावा. आमचे सात मिनिटे टिकले.

लांबी वाढवण्यासाठी ऑडॅसिटीत तोच तुकडा पुन्हा जोडला. सांधा नेहमी पंचमाच्या छेडीच्या किंचित आधी घ्यावा, म्हणजे छेडीचा आवाज तो झाकतो. दोन तुकडे दोन ट्रॅकवर पाव सेकंद एकमेकांवर आणून `Crossfade Tracks` वापरावे. पूर्ण तासाची फाइल करून ठेवलेली बरी. छोटी `MP3` फाइल मोबाइलवर पुन्हा पुन्हा वाजवली तर दर फेरीला बारीक खंड पडतो, कारण `MP3` करताना फाइलच्या टोकांना थोडी शांतता जोडली जाते.

तयार फाइल दुसऱ्या पेटीशी किंचित जुळत नसेल तर `Change Speed and Pitch` वापरावे, `Change Pitch` नव्हे. 207.65 वरून 209.5 वर जायला वेग 0.89 टक्के वाढवावा लागतो. आवर्तन तेवढेच लहान होते, जे कोणाला कळत नाही, आणि जवारीला धक्का लागत नाही. `Change Pitch` वेळ तीच ठेवते, पण छेड बोथट होते. याच मार्गाने काळी चारचा काळी एक करू पाहिला तर भोपळ्याचा नादच बदलतो. पुरुषांच्या पट्टीसाठी मोठा तानपुरा आणि नवे ध्वनिमुद्रणच हवे.

मालकंसासाठी मध्यमाचे आणि पूरियासाठी निषादाचे ध्वनिमुद्रण त्याच बैठकीत करून घ्यावे. जोडी आणि खर्ज हलवायचे नाहीत, फक्त पहिली तार बदलायची. वाजवताना मोबाइलचा छोटा स्पीकर टाळावा, त्यातून खर्जाचा पाया येतच नाही.

काळी चारच्या तिन्ही फाइली मंडळाच्या संगणकावर आहेत. ज्यांना हव्यात त्यांनी गायनवर्गाच्या वेळी पेनड्राइव्ह घेऊन यावे, आणि आपली पेटी दुसरी असेल तर तिची पट्टी आधी मोजून आणावी.