तळटीप : धानाचा उतारा आणि नमुन्याची निवड

लेखकाने रामटेक परिसरातला धानाचा उतारा रस्त्यालगतच्या, ‘सरासरी दिसणाऱ्या’ बांध्यांवरून काढला आहे. हा असंभाव्यता नमुना होय. जुन्या नजरअंदाजाच्या आणेवारीतही शेतांची निवड अशीच होई. आडवळणाची, पाणी न पोचणारी बांधी निवडली जाण्याची शक्यताच इथे शून्य असते. शिवाय फार चांगले आणि फार वाईट शेत दोन्ही वगळल्यामुळे आकडे एकमेकांजवळ येतात आणि खात्री वाटू लागते. ती खोटी असते, आणि शेते वाढवूनही चूक जात नाही.

संभाव्यता नमुन्यात आधी गावांच्या यादीतून, मग गट क्रमांकांतून यादृच्छिक अंकांनी निवड होते. शेतात चौकट कुठे ठोकायची तेही अंकच ठरवतात. प्रत्येक शेताची संधी माहीत असल्याने चुकीची मर्यादा गणिताने सांगता येते. मात्र निवडलेले धान आधीच कापले गेले म्हणून शेजारची सोयीची बांधी घेतली, की जुना दोष परत येतो. बदललेल्या शेतांची नोंद म्हणूनच मागावी.

निवड निर्दोष असूनही मोजणी चुकते. पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवले, की चौकट फार लहान असेल तर उतारा फुगतो. काठावरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. १ मीटर बाजूच्या चौकटीत दर चौरस मीटरमागे ४ मीटर काठ येतो, ५ मीटरच्या चौकटीत फक्त ०.८ मीटर.