मूतखड्याचं औषध किडनी निकामी होत असलेल्याला का चालत नाही?

भेस्तान (सुरत) : उधना, पांडेसरा, भेस्तान, सचिन या पट्ट्यात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. ताप्ती लाइनची गाडी नंदुरबार-नवापूरहून माणसं आणते, तशी गावाकडची औषधंही आणते. डब्यात हुलगे, पिशवीत गोखरू, कागदाच्या पुडीत जवखार. बहुतेकदा हे सगळं 'किडनीचं औषध' या एकाच नावानं येतं. घोळ इथूनच सुरू होतो.

घरगुती वापरातली किडनीची जी औषधं प्रसिद्ध आहेत, त्यातली बरीचशी मूळची मूतखड्याची आहेत. गुजरातीत ज्याला पथरी म्हणतात, तो आजार. मूतखडा झालेल्या बहुतेकांच्या किडन्या चांगलं काम करत असतात, फक्त वाटेत खडा अडकलेला असतो. क्रिएटिनीन वाढलेल्या रुग्णाचं उलट असतं. त्याची वाट मोकळी असते, पण गाळणी झिजलेली असते. पहिल्याला जे चालतं, ते दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकतं.

फरक कुठे पडतो

मूतखड्याच्या रुग्णाला भरपूर पाणी प्या, लघवी वाढवा असं सांगतात. ते बरोबरच आहे. पण लघवी कमी झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसानं तसंच केलं, तर पाणी अंगात साठतं. पायावर सूज येते, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो.

दुसरा फरक पोटॅशियमचा. हा क्षार फळं, भाज्या, कडधान्यं, वनस्पती यांतून रोज पोटात जातो. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकण्याचं जवळपास नव्वद टक्के काम किडनी करते. किडनी मंदावली की ते रक्तात साचतं. रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या पट्ट्यात असावं लागतं. ६ च्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडण्याची भीती असते आणि ६.५ च्या पुढे ती तातडीची वेळ मानतात.

मूतखड्याची परंपरागत औषधं नेमकी याच बाबतीत जड आहेत. जवखार म्हणजे जवाच्या रोपाची राख पाण्यात विरघळवून, ते पाणी आटवून काढलेला क्षार. त्यात मुख्यतः पोटॅशियमचेच क्षार असतात. लघवीच्या जळजळीसाठी दिली जाणारी श्वेत पर्पटी सोरा, फटकडी आणि नवसागर यांची बनते. त्यात सर्वांत मोठा वाटा सोऱ्याचा, आणि सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. पुनर्नवा, म्हणजे गुजरातेतली साटोडी, हिच्यातही पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. लघवी सुटण्याचा गुण तिला काही अंशी त्यामुळेच आहे, असं मानलं जातं. निरोगी किडनीला हा भार पेलतो. झिजलेल्या किडनीला पेलत नाही.

एका दिवसाचा हिशोब

उदाहरण घेऊ. ५२ वर्षांचा एक कामगार, क्रिएटिनीन ३.८. या वयाच्या पुरुषात याचा अर्थ किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, साधारण १८. रक्तातलं पोटॅशियम ५.१, म्हणजे काठावर. बीपीसाठी टेल्मिसार्टनची गोळी चालू आहे. ही गोळी उपयोगाचीच आहे, पण पोटॅशियम थोडं वाढवते. अशा रुग्णाला आहारतज्ज्ञ बहुधा दिवसाला सुमारे २,००० ते २,५०० मिलिग्रॅम पोटॅशियमची मर्यादा सांगतात.

आता नातेवाइकांनी सांगितलं म्हणून तो सकाळ-संध्याकाळ एकेक शहाळं पितो. ३०० मिलीच्या शहाळ्यातून साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळतं, म्हणजे दोन शहाळ्यांचं १,२००. श्वेत पर्पटी सकाळ-संध्याकाळ एकेक ग्रॅम घेतली, तर त्यातून सुमारे ६५० मिलिग्रॅम. पन्नास ग्रॅम हुलग्यांचा काढा घेतला, तर हुलग्यातल्या सुमारे ५०० पैकी निम्मं पाण्यात उतरलं असं धरून आणखी २५०. बेरीज झाली २,१००.

म्हणजे भाकरी, वरण, भाजी ताटात यायच्या आधीच दिवसाचा कोटा जवळपास संपला. यातली एकही वस्तू विषारी नाही आणि कुणी फसवलेलंही नाही. फक्त प्रत्येक सल्ला वेगळ्या माणसानं दिला आणि बेरीज कुणीच केली नाही. त्यात जेवणात 'लो सोडियम' मीठ वापरलं, तर भर आणखी पडते. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. बीपीवाल्यासाठी म्हणून घरात आलेलं हे मीठ किडनीच्या रुग्णाला घातक ठरू शकतं.

अडचण अशी, की पोटॅशियम वाढल्याचं बहुतेकदा कळतच नाही. कधी पायातलं बळ गेल्यासारखं वाटतं, जिना चढवत नाही, नाडी मंद किंवा अनियमित लागते. पण कोणतंही लक्षण न दिसता एकदम हृदय बंद पडण्याचाही धोका असतो. खात्रीचा मार्ग एकच, रक्ततपासणी आणि ईसीजी. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या, तर आकडा खोटाच जास्त येऊ शकतो. त्यामुळे डॉक्टर कधी कधी तपासणी पुन्हा करायला लावतात. मात्र हे डॉक्टरांनी ठरवायचं. रिपोर्ट चुकला असेल म्हणून घरी बसून राहायचं नाही.

कमरख आणि बिलिंबी

काही फळं पोटॅशियमपलीकडे जाऊन थेट इजा करतात. कमरख हे पाच धारांचं आंबट फळ. कापलं की चांदणी दिसते. कोकण-गोव्यात त्याला करमल किंवा करमळ म्हणतात. त्यात ऑक्झलेट भरपूर असतं आणि मेंदूवर परिणाम करणारं कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्यही असतं. ब्राझीलमधल्या संशोधकांनी ते २०१३ मध्ये ओळखलं. निरोगी माणसाची किडनी ते बाहेर टाकते. किडनीच्या रुग्णात ते साचतं. सुरुवात अनेकदा न थांबणाऱ्या उचकीनं होते, मग बडबड, भ्रम, झटके. अशा वेळी लवकर डायलिसिस मिळालं तर रुग्ण वाचतो, उशीर झाला तर दगावतो. डायलिसिसच्या रुग्णात एखादं फळ खाऊनही असं झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून इथे 'थोडंसं चालेल' हा हिशोब नाही. कमरख पूर्ण बंद.

बिलिंबी हे त्याच्याच जातीतलं झाड. २०१३ मध्येच किडनीतज्ज्ञांच्या भारतीय नियतकालिकात केरळमधल्या पाच रुग्णालयांतल्या दहा रुग्णांची हकिगत छापून आली. या सगळ्यांनी बिलिंबीचा रस प्यायला होता आणि सगळ्यांच्या किडन्या अचानक बंद पडल्या होत्या. रसातलं ऑक्झलेट कॅल्शियमशी मिळून किडनीच्या बारीक नळ्यांत स्फटिक बनून अडकतं. दहापैकी सात जणांना डायलिसिस लागलं. आंबटपणासाठी माशाच्या कालवणात एखादं फळ टाकणं वेगळं आणि औषध म्हणून पेलाभर रस पिणं वेगळं. रस काढला की बऱ्याच फळांतलं ऑक्झलेट एका घोटात पोटात जातं.

नाव एक, झाडं अनेक

पाषाणभेद मागितला तर वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी वनस्पती मिळते. कुठे पानफुटीची पानं देतात, कुठे हिमालयातल्या वनस्पतीचे वाळलेले तुकडे. राज्याची हद्द ओलांडली की नावं आणखी बदलतात. नावाच्या अशा घोळानं काय होतं, हे बेल्जियममध्ये दिसलं. ब्रुसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी तिच्याशी मिळत्याजुळत्या नावाची ॲरिस्टोलोकिया जातीची वनस्पती गेली. १९९३ मध्ये हा प्रकार वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढे शंभराहून जास्त लोकांच्या किडन्या बाधित झाल्याचं उघड झालं. अनेकांना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं आणि काहींना नंतर मूत्रमार्गाचा कर्करोग झाला.

या जातीची झाडं आपल्याकडेही आहेत. सापाच्या विषावर म्हणून सांगितली जाणारी ईश्वरी ऊर्फ सापसंद आणि जंतांवर दिली जाणारी किडामारी या त्यातल्याच. त्यांतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल किडनीत कायमचे व्रण पाडतं. औषध बंद केल्यावरही नुकसान वाढत राहू शकतं. किडनी आधीच अधू असो वा ठणठणीत, या वनस्पती पोटात घेण्याजोग्या नाहीत.

'पण क्रिएटिनीन तर उतरलं!'

झाडपाल्यानं क्रिएटिनीन उतरल्याचं अनेकजण शपथेवर सांगतात. ते खोटं बोलत नसतात, कारण आकडा खरंच उतरलेला असू शकतो. पण त्याची कारणं वेगळी असू शकतात. जुलाब-उलट्या किंवा डाइंग मिलमधल्या उष्णतेनं अंगातलं पाणी कमी झालं, तर क्रिएटिनीन तात्पुरतं चढतं आणि पाणी भरून निघालं की आपोआप उतरतं. अंगदुखीच्या गोळ्या बंद केल्यावरही उतरतं. काढा त्याच वेळी चालू असतो, म्हणून श्रेय काढ्याला जातं. शिवाय क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होतं. पथ्य म्हणून जेवण तोडलं आणि माणूस वाळला, तर किडनी तेवढीच खराब असूनही आकडा कमी दिसतो.

लघवी जास्त होणं हीदेखील किडनी सुधारल्याची खूण नाही. पाणी बाहेर पडणं आणि रक्तातली घाण गाळली जाणं ही दोन वेगळी कामं आहेत.

औषध चालू असेल तर काय करावं

घरात चालू असलेलं सगळं, म्हणजे पुड्या, बाटल्या, मुळ्या, मिठाचं पाकीटसुद्धा, एका पिशवीत घालून किडनीच्या डॉक्टरांकडे न्यावं. ओरडतील म्हणून लपवू नये. वैद्यांकडे जाणाऱ्यांनी क्रिएटिनीन आणि पोटॅशियमचे ताजे रिपोर्ट त्यांना दाखवावेत आणि औषधातल्या घटकांची नावं लिहून घ्यावीत. जो नावं सांगत नाही, त्याची पुडी घेऊ नये. निनावी चूर्णात वेदनाशामक, स्टेरॉइड किंवा शिसे-पाऱ्यासारखे धातू सापडल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत, आणि हे धातू व वेदनाशामकं स्वतःच किडनी बिघडवतात.

असं काही घेतलं असेल, तर पोटॅशियम आणि क्रिएटिनीन लगेच तपासावं, महिन्याच्या तारखेची वाट पाहू नये. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. झाडपाल्यापायी होणारं मोठं नुकसान अनेकदा त्या गोळ्या सुटल्यानं होतं.

हातपाय एकदम गळाले, छातीत धडधड झाली, न थांबणारी उचकी लागली, भ्रम झाला, श्वास लागला किंवा लघवी बंद झाली, तर ती रात्र घरी काढायची नाही. भेस्तान-उधन्याच्या रुग्णाला मजुरा गेटचं न्यू सिव्हिल हॉस्पिटल किंवा उमरवाड्याचं महापालिकेचं स्मीमेर ही मोठी सरकारी रुग्णालयं गाठता येतात. १०८ ची रुग्णवाहिका गुजरातेत चालते तशी महाराष्ट्रातही चालते. पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगावं : रुग्णाला किडनीचा आजार आहे आणि त्यानं अमुक झाडपाला घेतला आहे. तेवढ्यावर डॉक्टर आधी ईसीजी काढतात आणि पोटॅशियम तपासायला पाठवतात.