प्रोमायलोसायटिक रक्तकर्करोग, तीव्र

अस्थिमज्जेत प्रोमायलोसाइट नावाच्या अर्धवट वाढलेल्या श्वेतपेशी साचत गेल्याने होणारा रक्तकर्करोग. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाचा हा उपप्रकार असून जुन्या वर्गीकरणात त्याला ‘एम-३’ म्हणत. रुग्णालयांत आज ‘एपीएल’ हे नाव रूढ आहे. तो कोणत्याही वयात होतो, पण तरुण आणि मध्यमवयीन रुग्ण त्यात बरेच आढळतात. वेळेत उपचार मिळाल्यास सर्व तीव्र रक्तकर्करोगांत बरा होण्याची शक्यता याच प्रकारात सर्वाधिक असते, आणि उपचार लांबल्यास काही तासांत मृत्यू ओढवू शकतो तोही याच प्रकारात.

कारण : १५ व्या व १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत अदलाबदल होतात. त्यातून ‘पीएमएल’ आणि ‘रारा’ ही दोन जनुके एकमेकांना जोडली जातात. ‘रारा’ हे जनुक अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाच्या ग्राहीचे आहे. पेशीने पुढे वाढून प्रौढ व्हावे, हा आदेश या ग्राहीमार्फत जातो. जोडप्रथिन तो आदेश अडवून धरते आणि शरीरात नेहमी असणाऱ्या रेटिनॉइक आम्लाला दाद देत नाही. पेशी प्रोमायलोसाइटच्या टप्प्यावरच अडकतात.

रक्तस्राव : नॉर्वेतील लेइफ हिलेस्टाड यांनी १९५७ मध्ये या रोगाचे पहिले वर्णन केले, तेव्हाच झपाट्याने ढासळणारी प्रकृती आणि अनावर रक्तस्राव ही त्याची ओळख ठरली होती. हा रक्तस्राव केवळ प्लेटलेट कमी झाल्याने होत नाही. रोगपेशींच्या पृष्ठभागावर व कणिकांमध्ये टिश्यू फॅक्टर असतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांत ठिकठिकाणी रक्त गोठू लागते आणि गोठण्यास लागणारे घटक, विशेषतः फायब्रिनोजेन, खर्ची पडतात. त्याच पेशींवर ॲनेक्सिन-२ हे प्रथिनही भरपूर असते. ते प्लाझ्मिन तयार होण्याचा वेग वाढवते आणि प्लाझ्मिन धरलेली गुठळी व उरलेले फायब्रिनोजेन दोन्ही विरघळवते. एकाच वेळी गुठळ्या होतात आणि धरलेली गुठळी टिकत नाही, असा हा दुहेरी पेच आहे. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, पाळीत अति रक्तस्राव, सुई टोचलेल्या जागी न थांबणारे रक्त ही सुरुवातीची लक्षणे. मृत्यू बहुधा मेंदूतील, त्याखालोखाल फुप्फुसांतील रक्तस्रावाने होतो.

ओळख : ताप आणि घटलेल्या प्लेटलेट एवढ्यावरून पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूचा अंदाज बांधला जातो. फायब्रिनोजेन बरेच कमी, डी-डायमर फार जास्त आणि प्रोथ्रोम्बिनचा वेळ लांबलेला असेल तर रक्ताची काच तातडीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. नेहमीच्या प्रकारात पेशी भरड कणिकांनी गच्च भरलेल्या असतात व त्यांत ऑयर काड्यांच्या मोळ्या दिसतात. मात्र एका उपप्रकारात कणिका इतक्या बारीक असतात की पेशी रिकामी भासते. केंद्रक मधे खाच पडून दोन पाकळ्यांसारखे झालेले असते आणि श्वेतपेशींची संख्या वाढलेली असते. काच वाचणारा अनुभवी नसेल तर हा उपप्रकार हमखास हुकतो. जनुकीय चाचणी निदान पक्के करते, पण तिच्या अहवालास बहुतेक ठिकाणी दिवस लागतात.

तातडीचा उपचार : संशय येताच, जनुकीय अहवालाची वाट न पाहता, ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल (एट्रा) सुरू करतात. हे अ जीवनसत्त्वाचे साधित रूप आहे. औषधाच्या दुकानातील अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. औषधी मात्रेत एट्रा मिळाले की जोडप्रथिनाची पकड सुटते, पेशी प्रौढ होऊ लागतात आणि त्यांच्यावरील टिश्यू फॅक्टर व ॲनेक्सिन-२ घटतात. रक्तस्रावाची प्रवृत्ती त्यामुळे काही दिवसांत ओसरू लागते, रक्तकर्करोग आटोक्यात येण्याच्या कितीतरी आधी. तातडीचे खरे कारण हेच. एट्राशिवाय केवळ केमोथेरपी दिल्यास पेशी फुटतात, त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि स्राव वाढू शकतो.

उदाहरणार्थ, १.६ चौरस मीटर शरीरपृष्ठ असलेल्या रुग्णाच्या प्लेटलेट १८,००० आणि फायब्रिनोजेन ८० मिलिग्रॅम आहे असे धरू. प्रतिचौरस मीटर ४५ मिलिग्रॅमप्रमाणे दिवसाची मात्रा ७२ येते. कॅप्सूल १० मिलिग्रॅमची असल्याने जेवणासोबत सकाळी ४ व रात्री ३ दिल्या जातात. पहिला डोस रात्री दोन वाजताही द्यावा, सकाळच्या राउंडपर्यंत ठेवू नये. सोबत क्रायोप्रेसिपिटेट देऊन फायब्रिनोजेन १०० ते १५० च्या वर आणि प्लेटलेट ३० ते ५० हजारांच्या वर राखतात. चाचण्या दिवसातून एकदा नव्हे, अनेकदा कराव्या लागतात, कारण भरलेले फायब्रिनोजेन काही तासांत पुन्हा खर्ची पडते. मानेत मोठी शिरनळी घालणे आणि कण्यातून पाणी काढणे या काळात टाळतात. निदान शेवटी वेगळे निघाले तर कॅप्सूल बंद करता येतात. दोन-तीन दिवसांच्या मात्रेने सहसा मोठे नुकसान होत नाही.

प्रौढ होणाऱ्या पेशींमुळे ताप, धाप, वजनवाढ आणि फुप्फुसांत पाणी असा डिफरन्सिएशन सिंड्रोम होऊ शकतो. संशय येताच डेक्सामेथासोन १० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात.

इतिहास : शांघायच्या रुइजिन रुग्णालयातील वांग झेन-यी यांनी १९८५ मध्ये, इतर उपाय थकलेल्या पाच वर्षांच्या मुलीला एट्रा दिले आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सर्वांमध्ये रोग आटोक्यात आला होता. एकालाच थोडी केमोथेरपी जोडावी लागली होती. पॅरिसच्या लोरां देगो यांनी हे काम युरोपात नेले. अर्सेनिक ट्रायऑक्साइडचा वापरही चीनमधलाच, हार्बिनच्या झांग टिंगडाँग यांच्या कामातून पुढे आलेला. इटलीचे फ्रांचेस्को लो-कोको यांनी २०१३ मध्ये एट्रा व अर्सेनिक ही जोडी कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांत एट्रा व केमोथेरपीपेक्षा कमी पडत नाही, हे दाखवले. दोन वर्षांनी रोगमुक्त टिकलेले रुग्ण पहिल्या गटात ९७ टक्के, दुसऱ्यात ८६ टक्के होते. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने केवळ अर्सेनिकवर उपचार केलेल्या रुग्णांचे दीर्घकालीन निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत.

चाचण्यांतील हे आकडे जपून वाचावेत. त्यांत नाव नोंदवण्यापर्यंत जगलेलेच रुग्ण मोजले जातात. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींत पहिल्या ३० दिवसांतील मृत्यू २९ टक्के आढळले. हा फरक औषधाच्या परिणामकारकतेचा कमी आणि ते किती लवकर तोंडात पडले याचा अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उलटणे : अल्प प्रमाणात; अर्सेनिकने बहुधा पुन्हा आटोक्यात येते.

गरोदरपण : पहिल्या तिमाहीत एट्रा गर्भात गंभीर विकृती निर्माण करते, अर्सेनिक कोणत्याही तिमाहीत देत नाहीत.