एकरेषी अक्षरांचा इतिहास: डालग्रेनच्या प्रयोगशाळेतून लेझरच्या टोकापर्यंत

१/
लेझर यंत्राने लाकडी पाटीवर कोरलेले नाव कधी कधी पोकळ दिसते. प्रत्येक रेघेच्या जागी दोन समांतर रेघा उमटतात आणि मध्ये कोरे लाकूड राहते. हा यंत्राचा दोष नसतो, अक्षराच्या व्याख्येचा असतो. त्या व्याख्येचा इतिहास १९६७ सालापर्यंत मागे जातो.

२/
आजचे बहुतेक संगणकीय फॉन्ट बाह्यरेषेचे असतात. त्यांत A म्हणजे तीन रेघा नव्हेत. एक बाहेरची बंद कड आणि पोटातल्या त्रिकोणाची दुसरी बंद कड, एवढेच त्यात नोंदलेले असते. दोहोंमधली जागा शाईने भरली की अक्षर दिसते. छापखान्याला आणि पडद्याला हे सोयीचे आहे. पेन प्लॉटरजवळ मात्र भरण्याचे साधन नसते. त्याच्याजवळ एक टोक असते आणि ते सांगितलेल्या वाटेने जाते. वाट कडेची असेल, तर ते कडच काढते.

३/
अशा टोकासाठी अक्षर पुन्हा रेघांत मांडण्याचे मोठे काम अ‍ॅलन हर्शी यांनी केले. ते अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, डालग्रेन येथील नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत भौतिकशास्त्रज्ञ होते. त्या काळचे लाइन प्रिंटर मोजकीच अक्षरे छापू शकत आणि ग्रीक अक्षरे व गणिती चिन्हे यांची अडचण होई. हर्शींनी रोमन, ग्रीक, सिरिलिक, गॉथिक आणि जपानीसुद्धा अक्षरे पूर्णांकांच्या जाळीवर बसवली. ‘कॅलिग्राफी फॉर कॉम्प्युटर्स’ हा त्यांचा अहवाल १९६७ मध्ये निघाला.

४/
त्यांच्या साध्या A ची नोंद, पुढे रूढ झालेल्या सांकेतिक रूपात, अशी दिसते:

```
  501  9I[RFJ[ RRFZ[ RMTWT
```

५१० नव्हे, ५०१ हा अक्षराचा क्रमांक. पुढचा ९ म्हणजे नऊ जोड्या. प्रत्येक जोडीतील पहिले चिन्ह आडवे अंतर सांगते आणि दुसरे उभे. R म्हणजे शून्य. वर्णमालेत R च्या आधीची चिन्हे ऋण आणि नंतरची धन. उभे अंतर खाली जाताना वाढते.

५/
आता नोंद वाचता येते. I[ या पहिल्या जोडीत अक्षराच्या डाव्या-उजव्या मर्यादा आहेत: −९ आणि +९. RF म्हणजे (०, −१२), हे शिखर. J[ म्हणजे (−८, ९), हा डावा पाय. मग रिकामी जागा आणि R: पेन उचला. पुन्हा शिखरापासून Z[, म्हणजे (८, ९) या उजव्या पायापर्यंत. पेन उचला. शेवटी MT ते WT, म्हणजे (−५, २) पासून (५, २) पर्यंतची आडवी रेघ. अक्षर पूर्ण झाले.

६/
या A ची उंची २१ एकके आहे आणि तिन्ही रेघांची एकूण लांबी सुमारे ५५ एकके. अक्षर १० मिलिमीटर उंच काढले, तर टोक सुमारे २६ मिलिमीटर रेघ काढते. त्याच अक्षराची बाह्यरेषा काढायची झाल्यास प्रत्येक रेघेच्या दोन्ही कडा चालाव्या लागतात. वाट जवळजवळ दुप्पट होते आणि तरीही अक्षर पोकळच राहते.

७/
एकरेषी अक्षराला स्वतःची जाडी नसते. ती पेनाच्या निबेवर किंवा लेझरच्या किरणाच्या रुंदीवर ठरते. म्हणून अक्षर मोठे केले की ते काटकुळे दिसते. हर्शींच्या संग्रहात यावर उपाय होता. ‘सिम्प्लेक्स’मध्ये एक रेघ, ‘डुप्लेक्स’मध्ये दोन, ‘ट्रिप्लेक्स’मध्ये तीन समांतर रेघा. जाडी भरण्याऐवजी ती रेघांनीच विणली जाई.

८/
खरी अडचण पुढे आली. ट्रूटाइप फॉन्टमध्ये प्रत्येक कड बंदच असावी लागते. त्यात C एका उघड्या रेघेने नोंदवला, तर शेवटचा बिंदू पहिल्याशी सरळ जोडला जातो आणि C चे तोंड मिटते. ते टाळण्यासाठी काही फॉन्टकर्ते रेघ गेल्या वाटेनेच परत आणतात. पडद्यावर फरक कळत नाही. लेझर मात्र तीच रेघ दोनदा जाळतो: खाच खोल होते, कडा काळवंडतात आणि वेळ दुप्पट लागतो. कोरण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये वाटेची पूर्वपाहणी केली, तर टोक परत फिरताना दिसते. उघड्या रेघा चालणारे एसव्हीजी रूप म्हणूनच या कामी येते. इंकस्केपमधील Hershey Text हा विस्तार त्याच मार्गाने अक्षरे काढतो.

९/
शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक धडा. १९७६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने, हर्शींच्या पाश्चात्त्य अक्षरांचे कोष्टक प्रसिद्ध केले. १९८० च्या दशकात युझनेटवरून वर दिलेल्या रूपात ही अक्षरे पसरली. सोबतच्या परवान्यात श्रेयाची ओळ सक्तीची होती आणि त्या ओळीत हर्शी हे मानक संस्थेत काम करताना ही अक्षरे घडवत होते, असे लिहिले आहे. प्रकाशक संस्थेलाच जन्मस्थान मानले गेले. श्रेय देण्याची अट पाळणाऱ्या प्रत्येकाने ती चूकही पुढे नेली आणि डालग्रेन मागे पडले. १९६७ चा मूळ अहवाल पाहिला की ती चूक लगेच उघडी पडते.