परक्या भाषेतली शिवी बोलणाऱ्याला हलकी का वाटते?

मराठी घरात वाढलेला एखादा तरुण इन्स्टाग्रामवर दिवसभर इंग्रजी शिव्या टाइप करतो. त्याच अर्थाची मराठी शिवी लिहायची वेळ आली की मात्र त्याचा अंगठा थबकतो. शिवी तीच, अर्थ तोच, वाचणारेही तेच, तरी एक सहज लिहिली जाते आणि दुसरी लिहवत नाही. बोलण्यातही असंच होतं. मित्राला ‘शटअप’ म्हणणं गंमत वाटते, पण ‘थोबाड बंद कर’ म्हटलं तर भांडण सुरू झाल्यासारखं वाटतं.

संस्कार कमी पडले किंवा इंग्रजीचं वेड लागलं, असं म्हणून हा प्रकार सोडून देता येत नाही. भाषा आणि भावना यांच्या नात्यावर काम करणाऱ्या संशोधकांनी तो प्रयोगांतून मोजला आहे. त्यातून होणारी फसगतही खरी आहे, कारण शिवी आपल्याला हलकी वाटली म्हणून ती ऐकणाऱ्यालाही हलकी वाटते असं नाही.

हा फरक मोजला कसा?

शब्द मनाला लागला की शरीर त्याची नोंद घेतं. हाताच्या बोटांवर अगदी थोडा घाम येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण त्यामुळे त्वचेतून वीज किंचित सहज वाहते आणि बोटांना लावलेल्या उपकरणाला हा बदल पकडता येतो. ही प्रतिक्रिया आपल्या ताब्यात नसते. ‘मला काही वाटलं नाही’ असं तोंडाने म्हणता येतं, बोटांना ते लपवता येत नाही.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात कॅथरिन हॅरिस, आयशे आयचिचेई आणि जीन बर्को ग्लीसन या संशोधकांनी ही पद्धत वापरली. त्यांचा अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तुर्की मातृभाषा असलेले 32 जण होते. ते इंग्रजी बालपण सरल्यानंतर शिकले होते आणि आता अमेरिकेत राहत होते. त्यांना दोन्ही भाषांतले साधे शब्द, चांगले शब्द, शिव्या आणि लहान मुलांना रागावताना वापरली जाणारी वाक्यं दाखवली किंवा ऐकवली गेली.

शिव्यांना दोन्ही भाषांत प्रतिसाद मिळाला, म्हणजे परक्या भाषेतली शिवी अगदीच बोथट नव्हती. पण तुर्कीतली प्रतिक्रिया जास्त तीव्र होती. सगळ्यात ठळक फरक रागावण्याच्या वाक्यांत दिसला. ‘लाज वाटायला हवी’ या धर्तीचं वाक्य इंग्रजीत ऐकल्यावर फारसं काही झालं नाही. तुर्कीत ऐकल्यावर मात्र शरीराने लगेच दखल घेतली.

असं का होतं?

याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण शब्द कुठे आणि कसा शिकला गेला, याच्याशी जोडलेलं आहे. मातृभाषेतली शिवी कोणी शब्दकोशातून शिकत नाही. चार-पाच वर्षांचं मूल गल्लीत ऐकलेला शब्द घरी येऊन बोलतं. घरात एकदम शांतता पसरते, आजी ‘शिव शिव’ म्हणते, आईचे डोळे मोठे होतात, कधी पाठीत धपाटाही बसतो. मुलाला शब्दाचा अर्थ कळलेला नसतो, पण हा शब्द तापलेल्या तव्यासारखा आहे हे पक्कं कळतं. अर्थ नंतर येतो, चटका आधी बसतो.

इंग्रजी शिवी मात्र बहुतेकांना तेराव्या-चौदाव्या वर्षी, सिनेमात, वेब सीरिजमध्ये किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर भेटते. तिच्यासोबत धपाटा नसतो, उलट हशा असतो. पडद्यावरचा नायक ती म्हणतो तेव्हा तो रुबाबदार दिसतो. पहिल्यांदा म्हटल्यावर मित्र टाळी देतात. घरातल्या मोठ्यांना ती कळतही नाही, त्यामुळे कोणी रागावत नाही. शब्दाचा अर्थ पाठ होतो, पण त्यावर बसायची भीतीची पुटं बसत नाहीत.

फसगत नेमकी कुठे होते?

बोलणारा शब्दाचं वजन स्वतःच्या अंगावर जोखतो. मातृभाषेत हा अंदाज बराचसा बरोबर येतो, कारण ऐकणाराही त्याच प्रकारच्या घरात धपाटे खाऊन मोठा झालेला असतो. परक्या भाषेत हा काटा बिघडलेला असतो आणि तो बिघडल्याचं काट्यावरून कळत नाही. शब्द हलका वाटतो, म्हणून तो हलकाच आहे असं मानलं जातं.

लंडनमधले अभ्यासक झाँ-मार्क डेवाल यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही गफलत अधिक बारकाईने दिसते. इंग्रजी मातृभाषा असलेले आणि इंग्रजी नंतर शिकलेले अशा मिळून दोन हजारांहून अधिक लोकांना त्यांनी 30 इंग्रजी शब्द दिले. त्यात किरकोळ टोमण्यांपासून अत्यंत घाण समजल्या जाणाऱ्या शिवीपर्यंत सगळं होतं. प्रत्येक शब्द किती अपमानकारक आहे, हे लोकांनी सांगायचं होतं.

निकाल थोडा चकवणारा आहे. इंग्रजी नंतर शिकलेल्यांनी बहुतेक सगळ्या शब्दांना मूळ भाषकांपेक्षा जास्त अपमानकारक ठरवलं. अपवाद एकच होता, यादीतल्या सगळ्यात जहाल शब्दाचा. शिवाय बऱ्याच शब्दांच्या नेमक्या अर्थाबद्दल हा गट कमी खात्रीचा होता.

आधीच्या प्रयोगाशी हे वरकरणी जुळत नाही. पण डोक्याने ‘हा वाईट शब्द आहे’ हे माहीत असणं आणि अंगाला त्याचा चटका जाणवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परक्या भाषेत आपल्याकडे ‘वाईट शब्दां’ची एक यादी असते, पण त्या यादीतल्या पायऱ्या धूसर असतात. मराठी माणसाला ‘बावळट’, ‘नालायक’ आणि ‘हरामखोर’ यांतलं अंतर न विचारता कळतं. ‘बावळट’ आई लेकाला लाडानेही म्हणते, ‘हरामखोर’ म्हटल्यावर संबंध तुटू शकतात. इंग्रजीत ही अंतरं पुसट होतात. म्हणून माणूस साध्या शब्दाला विनाकारण बिचकतो आणि खरोखर घातक शब्द बाकीच्यांसारखाच समजून वापरतो.

एक उदाहरण: ‘रिटार्डेड’

समजा, नाशिकची एक तरुणी पुण्यातल्या कंपनीत काम करते आणि तिच्या टीममध्ये अमेरिकेतले सहकारी आहेत. एका किचकट फॉर्मला वैतागून ती ग्रुपवर गमतीत लिहिते की हा फॉर्म बनवणारा ‘रिटार्डेड’ असला पाहिजे. तिने हा शब्द कॉलेजात शेकडो वेळा ऐकला आहे. तिच्या लेखी त्याचा अर्थ ‘येडा’ एवढाच आहे.

अमेरिकेत या शब्दाचा इतिहास वेगळा आहे. तो आधी बौद्धिक अपंगत्वासाठी वैद्यकीय आणि सरकारी शब्द होता. पुढे शाळेच्या मैदानांवर तो शिवी म्हणून वापरला जाऊ लागला. अशा मुलांच्या पालकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. 2010 मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ‘रोझाज लॉ’ हा कायदा करून अनेक सरकारी कायद्यांतून तो काढून टाकला. ग्रुपवरच्या एखाद्या सहकाऱ्याचा भाऊ किंवा मुलगी बौद्धिक अपंग असेल, तर त्याला तो ‘येडा’ असा वाचता येणार नाही.

आता त्याच तरुणीने मराठीत लिहायचं ठरवलं असतं, तर ‘हा फॉर्म कोण्या मतिमंदाने बनवलाय’ असं वाक्य झालं असतं. ते लिहिताना तिला बहुधा अडखळायला झालं असतं. शेजारचं एखादं मूल आठवलं असतं. परक्या भाषेने तिला काढून दिली ती नेमकी ही अडखळ.

हिंदी शिव्यांचंही तसंच?

बऱ्याच अंशी. महाराष्ट्रातली अनेक मुलं आई-बहिणीवरच्या हिंदी शिव्या स्वल्पविरामासारख्या वापरतात, त्यांची आद्याक्षरं तर त्याहून सहज. त्याच शिवीचं मराठी रूप मात्र खऱ्या भांडणासाठी राखून ठेवलेलं असतं. लखनौच्या किंवा पाटण्याच्या घरात वाढलेल्या रूममेटसाठी ही वाटणी उलटी असते. त्याला हिंदी शिवीत स्वतःची आई ऐकू येते, आणि मराठी शिवी त्याला मजेशीर वाटू शकते. दोघे एकमेकांच्या भाषेत ‘गंमत’ करत असतात आणि दोघांनाही समोरचा तोंडाळ वाटतो.

समूहांबद्दलच्या शिव्या जास्त सहज निघतात

पोलंडमध्ये 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शिव्यांनी भरलेले उतारे पोलिशमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून पोलिशमध्ये भाषांतरित करायला दिले होते. एखाद्या समाजगटाला उद्देशून असलेल्या शिव्यांच्या बाबतीत वेगळं चित्र दिसलं. मातृभाषेत आणताना त्या सौम्य झाल्या, इंग्रजीत नेताना तिखट झाल्या. म्हणजे परकी भाषा फक्त चटका कमी करत नाही, ‘असं बोलू नये’ हा सामाजिक धाकही सैल करते. वंश, धर्म किंवा अपंगत्व यांवरचे शब्द म्हणूनच जास्त धोक्याचे असतात.

हे सगळ्यांना लागू आहे का?

नाही. अगदी लहानपणापासून दोन भाषांत वाढलेल्या लोकांमध्ये हा फरक कमी होतो किंवा दिसतही नाही. नंतर शिकलेल्या भाषेतही पुढे संसार झाला, प्रेम झालं, भांडणं झाली, तर तिचे शब्द हळूहळू लागायला लागतात. परदेशात वीस वर्षं राहिलेल्या माणसाला इंग्रजी शिवी जशी लागते, तशी फक्त सीरिज पाहून इंग्रजी शिकलेल्याला लागत नाही.

मग ओळखायचं कसं?

पहिली तपासणी सोपी आहे: तोच शब्द मराठीत, त्याच माणसासमोर, मोठ्याने उच्चारता येईल का? जीभ अडली तर इंग्रजीतही तो थांबवावा. मात्र ही तपासणी अपुरी आहे, कारण प्रत्येक शब्दाचं वजन भाषांतरातून कळत नाही. म्हणून दुसरी तपासणी: शब्द कशावर बोट ठेवतो? माणसाच्या चुकीवर, की त्याच्या जन्मावर, शरीरावर, समाजावर? दुसऱ्या प्रकारचा शब्द आपल्याला कितीही हलका वाटला, तरी त्या वाटण्यावर भरवसा ठेवू नये.

शब्द जास्त लागल्याची खूणही ओळखता येते. समोरचा एरवी गप्पा मारणारा माणूस अचानक औपचारिक होतो, ग्रुपवर कोणी काही बोलत नाही, किंवा विषय बदलला जातो. अशा वेळी ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे उत्तर खरं असलं तरी पुरत नाही, कारण ते पुन्हा बोलणाऱ्याच्याच काट्यावरचं वजन सांगतं. ‘हा शब्द एवढा जड आहे हे मला जाणवलं नाही, पुन्हा वापरणार नाही’ हे उत्तर ऐकणाऱ्याला जे लागलं, ते मान्य करतं.