९९९ नंबरचे बिऱ्हाड

क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये आपल्या बेसची जबाबदारी एकट्यावर असली, तरी क्लॅन कॅसलचे ट्रूप्स एरवी क्लॅनमधल्या दुसऱ्यानेच द्यायचे असतात. रात्री दोन वाजता रिक्वेस्ट टाकली की सगळे झोपलेले. मग खेळणारे स्वतःचाच दुसरा बेस काढतात आणि त्यातून पहिल्याला ट्रूप्स देतात. एकाच फोनवर हे दोन बेस शेजारी उघडता येतात ते ड्युअल अ‍ॅपमुळे. या सोयीचे मूळ मात्र गेममध्ये नाही.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि लिनक्स जन्मापासूनच अनेकांनी एक यंत्र वापरावे अशा बेताने घडलेले. अँड्रॉइडने ती शिस्त वेगळ्या कामाला लावली. प्रत्येक अ‍ॅप म्हणजे एक वेगळा माणूस, त्याला स्वतःचा नंबर. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचे नाही. खरी माणसे त्यानंतर आली. २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ ने टॅबलेटवर घरातल्या प्रत्येकासाठी वेगळे युजर दिले. २०१४ च्या ५.० मध्ये ही सोय फोनवर आली, शिवाय ऑफिसची अ‍ॅप्स वेगळी ठेवणारे वर्क प्रोफाइलही आले.

तोवर आपल्याकडे दोन सिमचे फोन घरोघरी पोचले होते, पण व्हॉट्सअ‍ॅप एकाच नंबरवर चाले. ही अडचण फोन कंपन्यांनी हेरली. शाओमीने २०१६ मध्ये MIUI 8 मधून ड्युअल अ‍ॅप्स दिले. दुसऱ्या चॅटसाठी उघडलेल्या त्या दारातून गेमही आत शिरले.

ड्युअल अ‍ॅप म्हणजे त्याच फोनमध्ये मांडलेले दुसऱ्या युजरचे बिऱ्हाड. शाओमीच्या फोनमध्ये या बिऱ्हाडाचा युजर नंबर ९९९. फोन कॉम्प्युटरला जोडून `adb shell pm list users` दिले की मालकाच्या ० खाली तो दिसतो. मूळ गेमचा नंबर १०१५० असेल, तर जोडअ‍ॅपचा होतो ९९९१०१५०: युजर नंबर गुणिले एक लाख, अधिक अ‍ॅपचा नंबर. अ‍ॅपची फाइल दोघांना एकच. सामान मात्र वेगळे, एकाचे `/data/user/0` मध्ये, दुसऱ्याचे `/data/user/999` मध्ये. म्हणून गेमने नंतर उतरवलेला डेटा दोनदा साठतो आणि स्टोरेज भरते.

माझा दुसरा बेस गेला तो इथेच. जागा करायला मी ड्युअल अ‍ॅपचे बटण बंद केले आणि ९९९ मधले सामान पुसले गेले. बेस सर्व्हरवर होता, पण तो कुठल्याच खात्याला जोडलेला नव्हता. त्याची किल्ली त्या पुसलेल्या सामानातच होती. पुन्हा चालू केल्यावर गेमने पहिल्यापासून शिकवणी सुरू केली, तेव्हा कळले. दुसरा बेस आधी वेगळ्या ईमेलच्या सुपरसेल आयडीला जोडावा, मगच त्यावर वेळ घालवावा. सेटिंग्जमध्ये तो जोडलेला दिसला तरच बटणाला हात लावावा.

आणि बिऱ्हाड वेगळे असले तरी घर एकच: दोन्ही खाती त्याच फोनवरून, त्याच इंटरनेटवरून जातात. पोकेमॉन गोसारख्या गेममध्ये एका माणसाला एकच खाते असा नियम आहे. तो ड्युअल अ‍ॅपने बदलत नाही.